जास्वंदीवर मावा, बुंध्यावर मुंग्यांची रांग: लवासातल्या बागेत ही जोडी तोडायची कशी?

जास्वंदीच्या कळ्यांवर हिरवट-काळे बारीक किडे दिसतात. पानं चिकट होतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात. शेजारच्या कढीपत्त्याचा कोवळा शेंडा आक्रसून वाकडा होतो. मग कुणीतरी सांगतं, ‘मावा पडलाय, औषध मारा.’ औषध मारलं जातं आणि किडे मरतातही. आठ-दहा दिवसांनी पाहावं, तर पुन्हा तेच किडे, तेवढेच, त्याच जागी.

असं का होतं, याचं उत्तर शेंड्यावर सापडत नाही. ते बुंध्यावर सापडतं. खाली वाकून पाहिलं तर मुंग्यांची एक शिस्तशीर रांग झाडावर चढताना आणि उतरताना दिसते. चढणाऱ्या मुंगीचं पोट सपाट असतं आणि उतरणारीचं टम्म फुगलेलं. ही रांग चालू आहे तोवर मावा हटत नाही. रांग तुटली, तर बहुतेक वेळा तो विषारी औषधाशिवायही आटोक्यात येतो.

मावा साखर टाकून का देतो?

मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारा मऊ अंगाचा किडा. त्याची लांबी दीड-दोन मिलिमीटर. जास्वंदीवर बहुतेक वेळा दिसतो तो कापसावरचाच मावा, कारण जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला, त्यामुळे त्याच्यावर लिंबूवर्गीय झाडांवरचा काळा मावा येतो.

हा किडा आपली सुईसारखी सोंड पानाच्या शिरेत खुपसतो. पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांमधून झाडभर फिरते, नेमक्या त्या नळीपर्यंत ती सोंड पोहोचते. तिथला रस गोड असतो, पण वाढीसाठी लागणारी प्रथिनांची सामग्री त्यात फार कमी असते. ती पुरेशी मिळवायची, तर रस भरपूर प्यावा लागतो. मग जास्तीच्या साखरेचं करायचं काय? मावा ती थेंबाथेंबाने मागच्या बाजूने टाकून देतो.

पानं चिकट होतात ती या थेंबांमुळे. जास्वंदीखाली लावलेल्या गाडीच्या काचेवर किंवा अंगणातल्या फरशीवर जे चिकट ठिपके दिसतात, तेही हेच. काही दिवसांनी या चिकट थरावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. विदर्भातले संत्रा बागायतदार तिला ‘कोळशी’ म्हणतात. तिथे ती काळ्या माशीच्या चिकट्यावर वाढते, इथे माव्याच्या. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही, पण पानावर झाकण घातल्यासारखी पसरते आणि ऊन अडवते.

मुंगीला साखर, माव्याला पहारा

माव्याने टाकलेली साखर मुंगीसाठी आयतं अन्न असतं. मुंगी माव्याच्या पाठीवर आपल्या मिशा हळूच फिरवते. मावा पोटाचं टोक वर उचलतो, एक थेंब सोडतो आणि मुंगी तो पिऊन टाकते. गाय पान्हा सोडते तसाच हा प्रकार, म्हणून माव्याला ‘मुंग्यांच्या गायी’ म्हणण्याची पद्धत जगभर आहे.

त्या बदल्यात मुंगी दोन कामं करते. पहिलं काम सफाईचं. थेंब वेळेवर उचलला गेल्यामुळे माव्याची वस्ती स्वतःच्याच चिकट्यात बुडत नाही. दुसरं काम राखणीचं आणि तेच बागेच्या मालकाला महागात पडतं. माव्याला खाणारे कीटक निसर्गात पुष्कळ आहेत. लेडीबर्ड भुंगेरे, त्यांच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या, माव्याच्या पोटात अंडं घालणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या गांधीलमाश्या. यातलं कुणी जवळ आलं की मुंगी त्याच्यावर धावून जाते, चावते, ढकलून खाली पाडते.

माव्याच्या वाढीचा वेगही लक्षात घ्यायला हवा. आपल्या हवामानात माव्याच्या माद्या नराशिवाय आणि अंडी न घालता थेट पिल्लं देतात. जन्मलेलं पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः आई होतं. अशा किड्याला आवर घालायचा, तर त्याला खाणारे रोज कामावर हवेत. मुंग्या नेमकं त्यांनाच हाकलून लावतात.

औषधाने नेमकं काय होतं, तेही इथेच कळतं. फवाऱ्याने मावा मरतो, पण त्याचे शत्रूही मरतात. पानाच्या वळीत दडलेले चार-दोन मावे वाचतात. मुंग्यांचं वारूळ जमिनीत किंवा भिंतीच्या फटीत सुखरूप असतं. दोन दिवसांत मुंग्या परत येतात आणि वाचलेल्या माव्याला आता रिकामं झाड आणि तयार पहारेकरी मिळतात.

एक समज मात्र इथेच दुरुस्त करायला हवा. झाडावर मावा बहुधा मुंग्या आणून सोडत नाहीत. वस्तीत दाटी झाली की काही माव्यांना पंख फुटतात आणि ते वाऱ्याबरोबर नव्या झाडावर येऊन बसतात. मुंग्यांना त्यांचा पत्ता नंतर लागतो. म्हणून मुंग्या थांबवल्या की मावा येणारच नाही, असं नाही. तो आला तरी त्याची वस्ती फार वाढत नाही, एवढं नक्की.

लवासात हा प्रश्न जास्त का चिघळतो?

मुळशी तालुक्यात मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा वसलं आहे. डोंगरउतारावर घरं आणि घरांना लागूनच सह्याद्रीचं रान. इथे मुंग्यांची कमतरता नाही. घराभोवती मोठे काळे मुंगळे असतात, बारीक काळ्या धावऱ्या मुंग्या असतात आणि रानाच्या कडेला झाडावर शेणाच्या गोळ्यासारखं घरटं बांधणाऱ्या मुंग्याही असतात. या शेवटच्या मुंग्यांना ‘पॅगोडा मुंग्या’ म्हणतात. डिवचल्यावर त्या बदामाच्या आकाराचं पोट पाठीवरून वर उचलतात, त्यावरून त्या सहज ओळखू येतात.

दुसरं कारण ऋतूचं. जून ते सप्टेंबर इथला पाऊस इतका जोरदार असतो की उघड्यावरच्या झाडावरचा मावा बराचसा धुऊन जातो. पाऊस ओसरतो, झाडं कोवळी फूट काढतात, हवा सौम्य होते आणि ऑक्टोबरपासून मावा वाढायला लागतो. बाल्कनीत किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या कुंडीला तर पावसाची धुलाईही मिळत नाही. तिथे मावा वर्षभर टिकू शकतो.

तिसरं कारण माणसांचं. लवासातली बरीच घरं शनिवार-रविवारपुरती उघडतात. माव्याला एक पिढी काढायला आठवडा लागतो आणि मालकही आठवड्यानेच येतो. दर खेपेला त्याला भरलेलं झाड दिसतं, घाईघाईत फवारा मारला जातो आणि घराला कुलूप लागतं. म्हणून इथे उपाय असा हवा, जो मालक नसतानाही सहा दिवस काम करत राहील. मुंग्यांची वाट अडवणं हा तसा उपाय आहे.

आधी खात्री करा: मुंग्या कशासाठी चढतायत?

जास्वंदीवर मुंगी दिसली म्हणजे मावा आहेच, असं समजू नका. जास्वंदीच्या फुलात पाकळ्यांच्या तळाशी मध असतो आणि मुंग्या नुसत्या त्याच्यासाठीही येतात. रांग फक्त उमललेल्या फुलापर्यंत जाते की कळ्या आणि कोवळ्या पानांच्या मागच्या बाजूपर्यंत, हे पाहा. दुसरं असेल तर पान उलटा. मावा असेल तर गोलसर, मऊ किडे एकमेकांना खेटून बसलेले दिसतील आणि भिंग लावलं तर पोटाच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्याही दिसतील. पांढऱ्या कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण.

कढीपत्त्यावर आणखी एक शक्यता असते. कोवळ्या शेंड्यावर चपटी पिवळसर पिल्लं आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या दोऱ्यासारखं काही दिसलं, तर तो मावा नसून सायला असतो. पिठ्या ढेकूण आणि सायला यांच्याकडूनही मुंग्यांना गोड द्रव मिळतो, त्यामुळे मुंग्यांची वाट अडवण्याचा खालचा क्रम त्यांच्यासाठीही उपयोगी पडतो. फक्त पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असल्यामुळे तो नुसत्या पाण्याने सहज निघत नाही.

चार शनिवारांचा कार्यक्रम

समजा, दासवे भागात एक बंगला आहे. बाल्कनीत कुंडीतली जास्वंद आणि मागच्या दगडी भिंतीलगत जमिनीत लावलेला पुरुषभर उंचीचा कढीपत्ता. दोन्हींवर मावा आहे आणि मालक फक्त शनिवारी येतात. काम कोणत्या क्रमाने करायचं, ते पाहू.

पहिल्या शनिवारी सकाळी आधी फक्त रांग पाहायची. कढीपत्त्यावर मुंग्या बुंध्यावरून चढतायत, पण सगळ्या नाही. काही भिंतीवरून येतात आणि भिंतीला टेकलेल्या फांदीवर उतरतात. काही मुळातून आलेल्या फुटव्यांवरून चढतात, कारण फुटव्याची पानं मुख्य झाडाला लागलेली आहेत. जास्वंदीची एक फांदी बाल्कनीच्या ग्रिलला टेकली आहे. हे सगळे पूल आहेत. एकही पूल राहिला तर पुढची मेहनत वाया जाते. म्हणून भिंतीला, ग्रिलला, तारेला आणि शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या चार बोटं अंतर राहील इतक्या छाटायच्या. कढीपत्त्याचे फुटवे काढून टाकायचे. आधाराची काठी असेल तर तीही काढायची, कारण मुंगीला ती शिडीच.

मग पाणी. नळीच्या तोंडावर बोट धरून जोराची धार करायची आणि पानांच्या मागच्या बाजूवर, कळ्यांवर, शेंड्यांवर मारायची. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही, कारण सोंड खुपसून बसलेला किडा ओढला गेला की त्याची सोंड दुखावते. या धुण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. पानांवरची साखर निघून जाते, त्यामुळे मुंग्यांना वर जाण्याचं कारणच कमी होतं. फार भरलेले, वळलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचे. धुणं सकाळीच करायचं, म्हणजे पानं दिवसभरात वाळतात.

आता अडसर. कढीपत्त्याच्या बुंध्यावर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर आधी कापसाची किंवा जुन्या सुती कापडाची पातळ पट्टी गुंडाळायची, म्हणजे सालीच्या खाचांतून मुंगी खालून निसटणार नाही. तिच्यावर पॅकिंगची रुंद चिकटपट्टी घट्ट बसवायची आणि त्या पट्टीवर चार-पाच सेंटिमीटर रुंदीत पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसचा जाड थर लावायचा. ग्रीस थेट सालीवर कधीच लावायचं नाही, साल खराब होते. पट्टीच्या वर अडकलेल्या मुंग्या झाड हलवून किंवा पाण्याने खाली पाडायच्या.

कुंडीसाठी घरातलीच जुनी युक्ती चालते. साखरेचा डबा पाणी घातलेल्या ताटलीत ठेवतात, तशीच कुंडी ठेवायची. मोठ्या थाळीत दोन विटा, विटांवर कुंडी आणि थाळीत पाणी. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकायचे, म्हणजे मुंगी पृष्ठभागावर तरंगून पलीकडे जाऊ शकत नाही. पण हे पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डेंग्यूचे डास होऊ शकतात. आठवड्यातून किमान एकदा थाळी रिकामी करून घासायलाच हवी. ते जमणार नसेल तर थाळी नको. जास्वंदीच्या प्रत्येक खोडाला कढीपत्त्यासारखीच पट्टी लावावी.

मुंग्या घराच्या भिंतीतूनच येत असतील तर शेवटचं काम आमिषाचं. एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर कोमट पाणी घ्यायचं. त्यात ५० ग्रॅम साखर, म्हणजे सपाट चार मोठे चमचे, आणि २ ग्रॅम बोरिक अॅसिड पावडर, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, विरघळवायची. ही पावडर औषधांच्या दुकानात मिळते. कॅरमची पावडर वापरायची असेल तर डब्यावर बोरिक अॅसिड लिहिलंय ना, ते आधी पाहायचं, कारण सगळ्या कॅरम पावडरी बोरिकच्या नसतात. या पाण्यात कापसाचे बोळे भिजवून झाकणाच्या लहान डबीत ठेवायचे, डबीला मुंगी जाईल एवढी भोकं पाडायची आणि डबी रांगेच्या कडेला, झाडापासून दूर, पावसापासून आडोशाला ठेवायची.

इथे प्रमाण महत्त्वाचं. पावडर मुठीने टाकली तर काम जास्त चांगलं होईल, असं वाटतं, पण होतं उलटं. तीव्र पाण्याला मुंग्या तोंड लावत नाहीत किंवा वारुळापर्यंत पोहोचण्याआधीच मरतात. सौम्य पाणी पिऊन त्या घरी जातात आणि ते इतरांना व राणीला भरवतात. पहिले दोन-तीन दिवस डबीभोवती मुंग्यांची गर्दी उसळते. ती पाहून घाबरून स्प्रे मारायचा नाही. हे पाणी मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागता कामा नये. उरलेल्या बाटलीवर ‘विष’ असं लिहून ती वर ठेवावी. ते कुंडीत ओतायचं नाही, कारण बोरॉन जास्त झालं तर झाडाला अपाय होतो.

मधल्या आठवड्यात माळी किंवा राखणदार येत असेल, तर त्याला एवढंच सांगायचं: बुधवारी एकदा पाण्याची धार मारा आणि कापूस वाळला असेल तर नवा भिजवा.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा पूल तपासायचे, कारण कढीपत्ता आठवड्यात बोटभर वाढून परत भिंतीला टेकलेला असू शकतो. पट्टीवर धूळ, पालापाचोळा किंवा मेलेल्या मुंग्यांचा थर साचला असेल तर त्यावरून बाकीच्या मुंग्या पलीकडे जातात. थर पुसून नवी जेली लावायची. मावा पुन्हा दिसला तरी निराश व्हायचं कारण नाही, वाचलेली पिल्लं वाढणारच. पुन्हा धार मारायची.

तिसऱ्या शनिवारी मावा किती आहे यापेक्षा त्याच्यात काय बदल झालाय, ते पाहायचं. माव्यांच्या मध्ये काही किडे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे सुकलेले दिसतात का? त्यांच्या पोटात गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय किंवा ते गोल भोक पाडून निघून गेलंय. हे दिसलं की शत्रू कामाला लागले. इथून पुढे धार आणि फवारा दोन्ही थांबवायचे.

चौथ्या शनिवारी नवी फूट सरळ आणि चिकटपणाशिवाय आली असेल, तर काम झालं. बुंध्यावरची पट्टी सोडायची, साल पाहायची. साल कायम झाकलेली राहिली तर ओल धरून कुजते. पुन्हा पट्टी लावायची वेळ आलीच, तर जागा थोडी वर-खाली बदलायची.

कुठे फसतं आणि ते कसं ओळखायचं?

सगळं नीट करूनही मुंग्या शेंड्यावर दिसत असतील, तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं.

पहिलं, एखादा पूल नजरेतून सुटला आहे. संध्याकाळी बॅटरी घेऊन वरून खाली येणाऱ्या एका मुंगीचा माग काढा. फुगलेल्या पोटाची मुंगी घरीच जात असते, ती वाट दाखवते.

दुसरं, वारूळ कुंडीच्या आतच आहे. मग थाळीतल्या पाण्याने मुंग्या बाहेर अडत नाहीत, उलट आत कोंडल्या जातात. कुंडीला भरपूर पाणी घातल्यावर मुंग्या पांढरे दाण्यासारखे कोष तोंडात धरून वर धावल्या, तर वारूळ आत आहे. कुंडी बादलीत मातीच्या काठापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि कुंडीपासून बाहेर जमिनीपर्यंत एक काठी टेकवा. मुंग्या आपला बाडबिस्तरा घेऊन निघून जातात.

तिसरं, मुंग्या झाडावरच राहतात. पोकळ फांदीत किंवा वरच्या शेणगोळ्यासारख्या घरट्यात वस्ती असेल, तर बुंध्यावरच्या पट्टीचा उपयोग नाही. पॅगोडा मुंग्यांचं घरटं रानातल्या मोठ्या झाडावर असेल आणि तिथून फांदीमार्गे त्या बागेत येत असतील, तर फक्त ती फांदी छाटा. घरटं पाडू नका. तांबूस रंगाचा एक सुतारपक्षी याच घरट्यात पोखरून आपली अंडी घालतो. शिवाय मुंग्या बागेतल्या अळ्या आणि वाळवीही खातात. इथे प्रश्न मुंगी असण्याचा नाही, तिच्या एका वाटेचा आहे. म्हणून विषारी आमिष फक्त घरातल्या मुंग्यांसाठी ठेवायचं, रानातल्या मुंग्यांसाठी नाही.

हळदीची रेघ, मुंग्यांचा खडू, राख हे उपाय कोरड्या फरशीवर काही तास टिकतात. झाडाच्या बुंध्यावर, लवासाच्या दवात आणि पावसात, त्यांचा भरवसा धरता येत नाही.

मित्राला शत्रू समजू नका

मुंग्या हटल्यावर जे पाहुणे येतात, ते दिसायला देखणे असतीलच असं नाही. लेडीबर्डचा लाल-काळा भुंगेरा सगळे ओळखतात, पण तिची अळी मगरीच्या छोट्या पिल्लासारखी, काळपट आणि काटेरी दिसते. ‘आता ही कसली नवी कीड’ म्हणून ती चिरडली जाते. सिरफिड माशीची अळी डोकं नसलेल्या छोट्या जळवेसारखी असते. स्किम्नस नावाच्या बारीक लेडीबर्डची अळी तर अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके घेऊन फिरते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. पिठ्या ढेकूण जवळपास जागचा हलत नाही. ही अळी माव्यांमधून चालत फिरते आणि एकेक मावा संपवत जाते.

असे कीटक खरंच पुरे पडतात का? महाराष्ट्राने याचं उत्तर मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि नंतर तो राज्यभर पसरला. एवढ्या दाट, उंच उसात फवारणी करणंच अवघड होतं. तेव्हा डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक, या दोघांना वाढवून शेतांमध्ये सोडण्यात आलं. लोकरी मावा आटोक्यात येण्यात या दोघांचा मोठा वाटा होता. उसाच्या फडात जे जमलं, ते एका कुंडीत नक्कीच जमू शकतं. अट एवढीच की दारात पहारेकरी उभा नको.

हीच जोडी उलट्या बाजूनेही तोडता येते. हिंदी महासागरातल्या ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर पिवळ्या मुंग्यांच्या प्रचंड वसाहती झाल्या आणि तिथले प्रसिद्ध लाल खेकडे लाखोंनी मेले. या मुंग्यांचं इंधन होतं झाडांवरच्या खवले किडीचा गोड द्रव. तिथे २०१६ च्या डिसेंबरमध्ये मलेशियातून आणलेली, खवले किडीच्या पोटात अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशी सोडण्यात आली. कीड कमी झाली की मुंग्यांचं अन्न कमी होईल, हा त्यामागचा विचार. घरच्या बागेत परदेशी कीटक सोडता येत नाहीत, पण पाण्याची धार मारून साखर धुऊन टाकणं हे त्याच विचाराचं घरगुती रूप आहे.

फवारा लागलाच तर

झाड लहान असेल, शेंडे पूर्ण भरले असतील आणि धारेने भागत नसेल, तर पट्टी लावल्यानंतर एक-दोनदा साबणाचं पाणी मारता येतं. एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, सौम्य द्रवरूप साबण. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. हवं तर त्यातच ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल घालून चांगलं घुसळावं. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहावं, मग ऊन उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूने फवारावं. साबण फक्त अंगावर पडलेल्या किड्यालाच मारतो आणि वाळल्यावर त्याचा परिणाम उरत नाही. मात्र लेडीबर्डच्या अळीवर पडला तर तीही मरते, म्हणून मित्रकीटक दिसायला लागल्यावर फवारा बंद.

कढीपत्त्याच्या बाबतीत एक रेषा ओलांडू नये. दुकानात मिळणारी काही कीटकनाशकं झाडाच्या रसात मिसळतात आणि आतून पानात पोहोचतात. तो पाला कितीही धुतला तरी औषध निघत नाही आणि हाच पाला फोडणीत पडतो. जास्वंदीचं फूल आपण खात नसलो, तरी रसात मिसळलेलं औषध त्याच्या मधात उतरू शकतं आणि त्या मधावर शिंजीर व मधमाश्या येतात. कढीपत्त्यावर कडुनिंबाचं तेल मारण्याआधीही एकदा पानं पाहा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी असेल, तर ती फुलपाखराची आहे. ती थोडी पानं खाईल आणि उडून जाईल.

खताचाही हात आखडता ठेवा. युरियासारखं नत्राचं खत जास्त पडलं की लुसलुशीत फूट येते आणि माव्याला तीच हवी असते.

पुढच्या वेळी जास्वंदीवर मावा दिसला, तर फवाऱ्याच्या बाटलीकडे जाण्याआधी बुंध्याशी बसून पाच मिनिटं रांग पाहा. मुंग्या कुठून चढतात ते सापडलं, तर कात्री, चिकटपट्टी आणि पेट्रोलियम जेलीची डबी एवढं सामान बहुतेक वेळा पुरतं.